तोंडातील संशयित कर्करोग : तपासणीसाठी पत्र

अंबाजोगाई, 12 जून 2025

प्रति,
कर्करोगतज्ज्ञ,
शासकीय कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर

सप्रेम नमस्कार.

पत्र घेऊन येणारे 54 वर्षांचे शेतकरी माझे जुने पेशंट. तीस वर्षांपासून तंबाखू-चुना गालात धरतात. डाव्या गालात आतून अडीच महिने न भरणारी जखम आहे. आधी इतरत्र अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. आता तिखट सोसवत नाही, वजन 5 किलो घटले.

तपासणीत 3 × 2 सेंमीचा व्रण, कडा उचललेल्या, बूड कडक, बोट लावताच रक्त येते. तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. डाव्या जबड्याखाली 2 सेंमीची टणक, हलणारी, न दुखणारी गाठ आहे. छाती, पोट ठीक. हिमोग्लोबिन 10.8. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन 500 दोनदा. उपाशीपोटी साखर 138. औषधाची ॲलर्जी नाही.

मला कर्करोगाचीच दाट शंका वाटते. बायोप्सी इथे केलेली नाही. ती व पुढील स्कॅन आपल्याकडे लवकर व्हावेत. पेरणी उरकून जातो म्हणत होते, मीच थांबू दिले नाही. शंकेची कल्पना दोघा पती-पत्नींना दिली आहे. रेशनकार्ड, आधार सोबत आहे. महात्मा फुले योजनेत बसवता आले तर पाहावे.

निदान कळवावे. पुढची देखभाल मी इथे करीन.

आपला,
फॅमिली डॉक्टर