पाऊल लोंबतंय, पण नस कुठे दबली? एका रिपोर्टचं वाचन

रुग्ण: 38 वर्षांची शेतमजूर बाई. सलग चार दिवस उकिडवं बसून खुरपणी केली आणि पाचव्या दिवशी सकाळी उजवं पाऊल उचलेना. चालताना पायाची बोटं जमिनीला घासतात. कंबरदुखी जुनी आहे, म्हणून आधी एमआरआय झाला आणि त्यात एल-4, एल-5 मध्ये चकती थोडी फुगलेली दिसली. पाऊल पडल्यापासून 18 व्या दिवशी नर्व्ह कंडक्शन झालं. रिपोर्टच्या तळाशी छापलं आहे: "संवेदी नसा नॉर्मल, एल-5 रॅडिक्युलोपॅथीची शक्यता." म्हणजे नस कंबरेत, मुळाशी दबली असावी. नव्या निवासी डॉक्टरांनी या ओळीवर थांबू नये. वर जाऊन आकडे वाचावेत.

उजवी पेरोनिअल मोटर नस, नोंद पावलाच्या पाठीवरच्या ईडीबी स्नायूवरून: घोट्याशी उत्तेजना दिल्यावर 4.1 मिलिव्होल्ट, फिब्युलाच्या डोक्याखाली 3.9, डोक्याच्या वर 1.2. वेग नडगीत सेकंदाला 46 मीटर, डोक्यावरून जाताना 26. डावीकडे हेच आकडे 4.8, 4.5, 4.3 आणि वेग 47 व 48.

दुखणं इथेच सापडतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, साधारण दहा सेंटीमीटरच्या टप्प्यात, अँप्लिट्यूड सुमारे 69 टक्के पडतं आणि वेग वीस मीटरने घटतो. नस फिब्युलाच्या मानेला वळसा घालते तिथे ती हाड आणि कातडी यांच्यामध्ये जवळजवळ उघडी असते. उकिडव्या बैठकीत तिथेच दबते.

ईडीबी मात्र बुटांनी, वयानेही झिजतो आणि पाऊल उचलण्यात त्याचा वाटा नगण्य. म्हणून टिबिअ‍ॅलिस अँटेरिअरवरची नोंद हवीच, आणि तंत्रज्ञाने ती घेतली हे फार चांगलं केलं. उजवीकडे डोक्याखाली 4.4, वर 1.1. डावीकडे 5.2 आणि 5.0. पाऊल ज्या स्नायूने उचलायचं, त्याचाच रस्ता अडला आहे.

मग संवेदी नस नॉर्मल कशी? सुपरफिशिअल पेरोनिअल उजवीकडे 9 मायक्रोव्होल्ट, डावीकडे 12. सुरल दोन्हीकडे सारखी. एल-5 मुळाच्या दुखण्यात संवेदी उत्तर टिकतं, कारण मूळ मणक्याशी, डॉर्सल रूट गँग्लिऑन या संवेदी पेशींच्या गाठीच्या अलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला दबतं; पेशी आणि तिच्यापुढचा तंतू शाबूत राहतो. हे खरं आहे. पण फिब्युलाच्या डोक्याशी फक्त मायलिन, म्हणजे तंतूवरचं वेष्टण, दबलं असेल, तरीही संवेदी उत्तर टिकतं. या नसेची तपासणी आपण दबलेल्या जागेच्या खाली, घोटा आणि नडगीच्या दरम्यान करतो; अडथळा त्या वाटेत येतच नाही. तेव्हा संवेदी उत्तर पडलं असतं तर मुळाच्या विरुद्ध तो भक्कम पुरावा ठरला असता, पण ते शाबूत असणं मुळाच्या बाजूने पुरावा नाही.

निकाल ईएमजीने, म्हणजे स्नायूत सुई घालून केलेल्या तपासणीने, पक्का होतो. टिबिअ‍ॅलिस अँटेरिअर आणि पेरोनिअस लाँगसमध्ये थोड्या फिब्रिलेशन्स आणि घटलेलं रिक्रूटमेंट. टिबिअ‍ॅलिस पोस्टेरिअर नॉर्मल: त्यालाही एल-5 मिळतं, पण टिबिअल नसेतून. ग्लुटिअस मीडिअस आणि कंबरेचे पॅरास्पायनल नॉर्मल. बायसेप्स फिमोरिसचं शॉर्ट हेडही नॉर्मल. या स्नायूला पेरोनिअल भागाचीच शाखा मांडीत, गुडघ्याच्या वर मिळते. सायटिक नसेचं दुखणं असतं तर ते इथे बहुधा दिसलं असतं. पलंगाशी तपासतानाही पाऊल आत वळवण्याची ताकद पूर्ण आहे. चकतीचा फुगवटा आहे, पण या पावलाचा दोष त्याचा नाही.

18 वा दिवस असल्याने आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. तिसऱ्या दिवशी तपासलं असतं, तर तुटलेले तंतूही खालच्या बाजूने उत्तर देत राहिले असते आणि अ‍ॅक्सॉन गेलेलं असूनही नुसता मायलिनचा ब्लॉक वाटला असता. आता डोक्याखाली टिबिअ‍ॅलिसचं उत्तर डाव्याच्या 85 टक्के आहे. म्हणजे बहुतेक तंतू जिवंत आहेत, मुख्यतः अडकलेले आहेत. काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरीच ताकद परत यावी.

आपल्याकडे एक गोष्ट विसरू नये: फिब्युलाच्या मानेशी नस बोटांनी चाचपा. जाड, दुखरी लागली किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाच्या दिशेने तपास. या बाईची नस जाड नाही, चट्टा नाही.

तिला सांगायचं ते सोपं: मांडी घालून, पायावर पाय टाकून, उकिडवं बसणं बंद. पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट आणि व्यायाम. खुरपणीचं काम सध्या नको. ते बुडल्यास मजुरी जाते, म्हणून घरच्यांना समोर बसवून कारण समजावा. पाठीचं ऑपरेशन या पावलासाठी नाही. सहा ते आठ आठवड्यांनी तीच नस, त्याच जागांवर पुन्हा तपासा. तीन महिन्यांत ताकद हलली नाही, तर गुडघ्याशी सोनोग्राफी किंवा एमआरआय: सांध्यातून नसेत शिरलेली द्रवाची गाठ, म्हणजे गँग्लिऑन सिस्ट, असली तर ती काढण्यासारखी असते.