ईमेलद्वारे झालेल्या व्यवस्थापक समितीच्या निर्णयांची नोंद

दिनांक : २८ मे २०२५
स्थळ : संस्थेचे कार्यालय, कोथरूड, पुणे
कालावधी : १९ ते २२ मे २०२५

ही नोंद सभेचे इतिवृत्त नाही. या काळात समितीची सभा झालेली नाही. १९ मे रोजी पहाटे बोअरवेलचा पंप जळाला. सुट्ट्यांमुळे चार सदस्य गावाला होते आणि बी-१०२ चे सदस्य मुलीकडे न्यू जर्सीत होते, त्यामुळे अध्यक्षांच्या सूचनेवरून विषय ईमेलने सर्वांपुढे ठेवले. नोंद आज लिहीत आहे, मागील तारीख टाकलेली नाही. प्रत्येक निर्णयापुढे तो प्रत्यक्ष झाल्याचा दिवस दिला आहे.

समितीच्या ११ जागांपैकी २ रिक्त आहेत. तरीही बहुमत पूर्ण ११ जागांवर, म्हणजे ६ लेखी संमती, असे धरले. सहावी संमती आली तो निर्णयाचा दिवस. सर्व वेळा भारतीय आहेत.

ठराव १ : पाण्याचे टँकर (२० मे २०२५)

सचिवांचा मूळ प्रस्ताव रोज दोन टँकरचा होता. खजिनदारांनी रोज एक आणि शनिवार-रविवारी दोन अशी दुरुस्ती सुचवली. दुरुस्त प्रस्ताव २० मे रोजी सकाळी ११.३० वाजता सर्वांना पुन्हा पाठवला. मूळ प्रस्तावाला आधी आलेल्या दोन संमती मोजल्या नाहीत; त्या सदस्यांनी दुपारी नव्याने होकार कळवला.

"पंप सुरू होईपर्यंत १०,००० लिटरचा टँकर प्रत्येकी रु. १,८०० दराने रोज एक, शनिवारी व रविवारी दोन, असा मागवावा."

सहावी संमती २० मे, रात्री ८.१५. अखेर सर्व ९ सदस्य अनुकूल. ठराव मंजूर.

ठराव २ : नवीन पंप (२१ मे २०२५)

१९ मे रोजी रात्री ९.४० वाजता तीन दरपत्रके जोडून प्रस्ताव पाठवला. करासह रकमा अनुक्रमे रु. ८०,८३०, रु. ८७,३२० आणि रु. ९२,४००. पहिल्यात जुना पंप वर काढण्याची मजुरी नव्हती, तर दुसऱ्यात ती धरून दोन वर्षांची हमी होती. खर्च समितीच्या मर्यादेत बसतो, असे खजिनदारांनी त्याच साखळीत कळवले आहे.

"दुसऱ्या दरपत्रकाप्रमाणे ७.५ अश्वशक्तीचा पंप रु. ८७,३२० मध्ये बसवून घ्यावा."

सूचक : खजिनदार. अनुमोदक : सी-३०२.
अनुकूल ७ : अध्यक्ष, सचिव, खजिनदार, ए-२०४, सी-३०२, बी-१०२, सी-४०१.
विरोध १ : बी-५०१. जुनीच मोटार रिवाइंड करून घ्यावी, नव्याची घाई नको, असे त्यांचे मत आहे. ते त्यांच्या विनंतीवरून येथे नोंदवले.
मतदान केले नाही १ : ए-१०३. तिसरे दरपत्रक त्यांच्या भाच्याच्या दुकानाचे असल्याचे त्यांनी पहिल्याच ईमेलमध्ये स्वतःहून सांगितले.

दोन खुलासे. बी-१०२ च्या ईमेलवर २० मे, रात्री ९.५० अशी तिकडची वेळ आहे. आपल्याकडे ती २१ मे, सकाळी ७.२० होते. हीच सहावी संमती. सी-४०१ यांचे २० मेचे उत्तर एवढेच होते : "बघा काय ते, मी आहेच." याला संमती म्हणता येत नाही. मी फोन केला, पण फोनवरचा होकारही धरला नाही. "ठराव २ मंजूर" असे त्यांनी २२ मे रोजी लिहून कळवल्यावरच नाव अनुकूल यादीत घातले. बहुमत त्याआधीच झाले होते.

अंमलबजावणी : २१ मे रोजी कार्यादेश दिला. २४ मे रोजी सायंकाळी पंप सुरू झाला. २१ ते २४ मे या काळात ५ टँकर आले, खर्च रु. ९,०००.

निर्णय न झालेला विषय

पंपाच्याच साखळीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा मुद्दा निघाला आणि तिघांनी "पावसाआधी करून घेऊ" असे लिहिले. प्रस्ताव नाही, दरपत्रक नाही, रक्कम नाही. म्हणून हा ठराव मानलेला नाही. एका सदस्याने ठेकेदाराशी बोलणे केल्याचे समजते. संस्थेने कोणताही कार्यादेश दिलेला नाही आणि त्या बोलण्याने संस्था बांधील नाही.

पुढील कार्यवाही

ही नोंद ८ जून २०२५ च्या समिती सभेत वाचली जाईल आणि दोन्ही ठराव कायम करण्यासाठी ठेवले जातील. वॉटरप्रूफिंग त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घेतले आहे. साखळीतील २३ ईमेलच्या छापील प्रती, पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख व वेळ दिसेल अशा, पृष्ठक्रमांक व माझी सही घालून सोबत जोडल्या आहेत. ए-२०४ यांचे उत्तर त्यांच्या मुलाच्या ईमेलवरून आले होते. ते आपलेच असल्याचे त्यांनी छापील प्रतीवर सही करून मान्य केले आहे.

मसुदा २६ मे रोजी सर्व ९ सदस्यांना पाठवला. बी-५०१ यांनी सुचवलेली शब्दांची दुरुस्ती वर केली आहे. इतर हरकत आलेली नाही.

सही/-
सचिव

वाचले, बरोबर आहे.
सही/-
अध्यक्ष