सुधारित स्क्रिप्ट, मसुदा २: घरच्या घरी व्यायामाचा ८ आठवड्यांचा कोर्स (व्हिडिओ जाहिरात, ३० सेकंद)

आपली आधीची जाहिरात तपासणीत नाकारली गेली. नकाराची कारणं दोन: दिशाभूल करणारा दावा आणि प्रेक्षकाच्या शरीरावर थेट बोट. चित्रीकरण आणि एडिटिंग करणाऱ्यांनी प्रत्येक बदलाखालची टीपही वाचावी.

० ते ६ सेकंद
जुनं: "पोट सुटलंय? आरशात बघायची लाज वाटते?"
नवं: "जिमला जायला वेळ नाही, पण दिवसातली २० मिनिटं निघतात? मग सतरंजी अंथरा."
दृश्य: प्रशिक्षक खोलीत सतरंजी पसरतेय. पोटाचा क्लोजअप नको.
टीप: प्रश्न वेळेबद्दल विचारलाय, शरीराबद्दल नाही. "तुम्ही जाड आहात" हे प्रश्नाच्या रूपात विचारलं तरी तपासणीत तेच धरलं जातं. शिवाय ते ऐकणाऱ्याला दुखावतं, म्हणून ही ओळ मान्य झाली असती तरी काढायलाच हवी होती.

६ ते १६ सेकंद
जुनं: "२१ दिवसांत १० किलो कमी, १०० टक्के गॅरंटी!"
नवं: "८ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे ४० सत्रं. पहिले २ आठवडे सांधे मोकळे करायला. तिसऱ्यापासून स्क्वॉट, पुश-अप, प्लँक."
टीप: कोर्समध्ये काय आहे ते आपण छातीठोकपणे सांगू शकतो, कुणाचं वजन किती उतरेल ते नाही. ते आहार, झोप, वय, औषधं यांवरही ठरतं. "परिणाम व्यक्तीनुसार बदलतात" अशी बारीक अक्षरं खाली टाकून मोठा दावा तसाच ठेवता येणार नाही. "वज़न", "व.ज.न" अशी तपासणी चुकवायला केलेली अक्षरांची कसरत तर अजिबात नको, पळवाट पकडली गेली तर अख्खं खातं बंद होऊ शकतं.

१६ ते २३ सेकंद
जुनं: पांढऱ्या कोटातला नट, "डॉक्टरही थक्क!", आधी-नंतरचे फोटो.
नवं: "पुश-अप जमत नाही? गुडघे टेकवून सुरू करा. प्रत्येक व्यायामाचा सोपा प्रकार शिकवलाय."
दृश्य: गुडघे टेकवलेला आणि पूर्ण, दोन्ही पुश-अप बाजूने दिसावेत.

२३ ते ३० सेकंद
जुनं: "फक्त आज! शेवटच्या ५ जागा!"
नवं: "पहिली ३ सत्रं मोफत बघा. आवडली तर नाव नोंदवा."
टीप: सत्रं रेकॉर्ड केलेली आहेत, त्यामुळे जागा संपण्याचा प्रश्नच नाही.
पडद्यावर, किमान ३ सेकंद: "दुखापत किंवा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा."

पुन्हा पाठवण्याआधी
थंबनेलवर "१० किलो" अजून आहे, तो बदला. लिंक उघडल्यावर येणाऱ्या पानावरही गॅरंटीची ओळ आणि आधी-नंतरचे फोटो आहेत; व्हिडिओ कितीही स्वच्छ केला तरी पानासाठी नकार येईल, म्हणून आधी पान दुरुस्त करा. वयोगट १८ च्या पुढे ठेवा. जुन्या नकारावर अपील करू नका. नकार योग्यच होता.