रिव्ह्यूअरच्या मुद्द्यांना उत्तरं: साक्री तालुक्यातलं नाला खोलीकरण आणि विहिरींची पाणीपातळी

संपादक सर, नमस्कार.

दोन्ही रिव्ह्यूअरच्या मुद्द्यांना खाली एकेक करून उत्तरं देतोय. सरळ बोलीत लिहा, सरकारी भाषा नको असं तुम्हीच कळवलं होतं, म्हणून तसंच लिहिलंय. पान आणि ओळींचे नंबर नव्या कॉपीतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, दुसऱ्या रिव्ह्यूअरने डाईकचा, म्हणजे जमिनीत उभ्या घुसलेल्या कठीण खडकाच्या भिंतीचा, मुद्दा काढला, त्यामुळे पेपरचा निष्कर्षच बदललाय, त्यामुळे शीर्षकही बदललं, आणि ते उत्तर लांबलंय.

रिव्ह्यूअर १

१.१ "२०१८ दुष्काळाचं वर्ष, २०१९ भरपूर पावसाचं. पातळी वाढणारच. यात खोलीकरणाचं काय?"

अगदी मान्य. म्हणून तर नाल्यापासून ५०० मीटरच्या आतल्या विहिरी आणि लांबच्या विहिरी असे दोन गट धरले होते, पण जुन्या अॅब्स्ट्रॅक्टमध्ये फक्त जवळच्या विहिरींची ४.४ मीटर वाढ लिहिलेली आणि लांबच्या विहिरीही ३.१ मीटरने वर आल्या हे पार टेबल ४ मध्ये. वाचणारा साहजिकच सगळं श्रेय पोकलेनला देणार. आता दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिलेत आणि मजकुरात फक्त त्यांच्यातल्या फरकावर बोललोय (पान २, ओळ ८ ते १५). नेमके आकडेही थोडे बदललेत, ते २.१ आणि २.२ मध्ये येतं.

१.२ "शिरपूर पॅटर्नशी तुलना करावी."

पूर्ण तुलना केली नाही, कारण सांगतो. शिरपूरला नाले नुसते साफ नाही केले, चांगले रुंद आणि खूप खोल केले, ओळीने सिमेंट बंधारे बांधले, शिवाय तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात कोरड्या विहिरींमध्ये धरणाचं पाणी सोडून पुनर्भरण केलं. आमच्या नाल्यात गाळ आणि वरचा मुरूम मिळून दोनेक मीटर काढलाय आणि खाली सगळा बेसाल्ट. आपल्याकडे हल्ली कुठेही जेसीबी लागला की त्याला शिरपूर पॅटर्न म्हणतात, आमच्या प्रस्तावनेतही तो शब्द होता तो काढला, आणि हा फरक सांगणारा एक परिच्छेद टाकला (पान ३).

१.३ "खर्च आणि फायद्याचं गणित द्यावं."

हे करत नाही, क्षमस्व. खोलीकरणाचा खर्च काही सरकारी, काही लोकवर्गणीचा, काही गाळ ज्याने त्याने आपल्या ट्रॅक्टरने वाहून शेतात टाकला, त्याच्या नोंदी आमच्याकडे नाहीत आणि अंदाजाने आकडा टाकला तर पुढे तोच सगळे उचलतील.

१.४ सुचवलेले पाच पेपर.

दोन घेतले, दोन्ही बेसाल्टवरच्या पुनर्भरणाचे आहेत, उपयोग झाला. उरलेले तीन उसाच्या ठिबकाबद्दल आहेत, चांगले असतील पण इथे कुठे बसवायचे ते आम्हा तिघांनाही सुचलं नाही.

१.५ भाषा, एककं, नकाशाची स्केल.

सगळं दुरुस्त केलं. शेतकऱ्यांनी परस या जुन्या मापात सांगितलेली विहिरींची जुनी खोली फक्त पार्श्वभूमीत ठेवलीय, हिशोबात कुठेच नाही.

रिव्ह्यूअर २

२.१ "२०१९ ला मान्सून उशिरा परतला. ऑक्टोबरचं रीडिंग पावसाळ्यानंतरचं कसं म्हणता?"

बरोबर आहे, त्या वर्षी देशातून परतीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली आणि आमची रीडिंग पहिल्या पंधरवड्यातली, पुढे दिवाळीच्या आसपास अवकाळीने झोडपलं ते वेगळंच. आमच्याकडे जानेवारी २०१९ आणि जानेवारी २०२० ची रीडिंग होती, पेपर लांबेल म्हणून घातली नव्हती. आता मुख्य तुलना त्यांचीच केलीय. यात एक अडचण उरते आणि ती लिहिलीय: दुष्काळी वर्षात उन्हाळ कांदा कमी लागला म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये उपसाही कमी होता, तेव्हा खरी वाढ आमच्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच असू शकते. मे २०२० ची जागा टेबलात रिकामीच आहे कारण लॉकडाऊन होतं, शेतकरी फोनवर पातळी सांगायला तयार होते पण कोणी दोरीने मोजणार कोणी नजरेने, ते आमच्या टेपच्या आकड्यांत मिसळलं नाही.

२.२ "मोटर बंद होऊन किती वेळाने मोजलं?"

किमान सहा तास. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री, म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यात जाऊन संध्याकाळी लाईट यायच्या आत मोजायचो. तीन विहिरी मात्र अशा निघाल्या की त्यांची स्वतःची मोटर बंद, पण शेजारच्या बोअरवर डिझेल पंप चालू. त्या तिन्ही काढल्या. २४ च्या २१ झाल्या, १२ जवळच्या आणि ९ लांबच्या, सरासरी वाढ आता ४.२ आणि २.९ मीटर. दोन्ही आकडे बदलले तरी फरक १.३ चा १.३ च राहिला.

२.३ "नकाशात नाल्याला आडवा डाईक दिसतो. त्याचा विचार केलेला नाही."

हा मुद्दा पेपरला सगळ्यात जास्त कामाचा ठरला. धुळे-नंदुरबारकडे पूर्व-पश्चिम डाईकांच्या रांगाच रांगा आहेत हे माहीत होतंच, हा डाईकही शेतातनं लांबट टेकाडासारखा दिसतो, पण आम्ही त्याच्याकडे फक्त नकाशातली एक रेघ म्हणून बघितलं. आमचा नाला दक्षिणेच्या डोंगरातनं उत्तरेला पांझरेकडे जातो, म्हणजे डाईकला थेट छेदून. आता जवळच्या १२ विहिरींचे दोन भाग केले. डाईकच्या वरच्या अंगाला ५ विहिरी, सरासरी वाढ ५.३ मीटर. खालच्या अंगाला ७, वाढ ३.४ मीटर. लांबच्या विहिरी २.९, म्हणजे डाईकच्या खाली खोलीकरणाने जेमतेम अर्धा मीटर पदरात पडलं, तेही विहिरी नाल्याकाठच्या असल्यामुळेच नसेल कशावरून.

मग शंका येते की वरच्या विहिरी नुसत्या डाईकमुळेच भरल्या असतील, खोली केली काय नि नाही केली काय. म्हणून लांबच्या ९ विहिरीही तशाच वाटल्या: वरच्या अंगाच्या ४, वाढ ३.० आणि खालच्या ५, वाढ २.८. फरक नावापुरता. म्हणजे नुसत्या डाईकने काही होत नाही, नुसत्या खोलीकरणानेही फार होत नाही, दोन्ही एकत्र आले तिथेच पाणी अडलेलं दिसतं. काम करताना नाल्यातला डाईकचा खडक फोडलेला नाही, हे जागेवर परत जाऊन बघितलं, फोटो जोडलाय. फोडला असता तर बहुतेक उलटंच झालं असतं, पण तो आमचा अंदाज आहे म्हणून पेपरात लिहिला नाही.

नवं शीर्षक: "डाईकने अडवलेल्या नाल्याचं खोलीकरण आणि विहिरींची पातळी: साक्री तालुक्यातला अभ्यास".

२.४ "सांख्यिकी चाचणी द्यावी."

१२ विरुद्ध ९ विहिरींसाठी मान-व्हिटनी चाचणी दिलीय (टेबल ५). डाईकच्या वरच्या गटात मात्र ५ विरुद्ध ४ विहिरी, त्यावर चाचणी लावून तारांकित आकडा छापणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी २१ च्या २१ विहिरींची रीडिंग एकेक करून दिलीत, वाचणाऱ्याने स्वतः बघावं. रिव्ह्यूअरचा आग्रहच असेल तर चाचणी घालू, पण अॅब्स्ट्रॅक्टमध्ये नको.

२.५ "तळात गाळ साचून झिरपणं कमी होईल."

शक्य आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये वरच्या अंगाच्या जवळच्या आणि लांबच्या विहिरींमधला फरक कमी झालेला दिसतो, पण तो गाळामुळे की सलग दुसऱ्या चांगल्या पावसाने सगळ्याच विहिरी काठोकाठ भरल्यामुळे, हे आमच्या रीडिंगवरून सांगता येणार नाही. पान ११ वर तसंच लिहिलंय.

सोबत तीन फाइल आहेत: बदल दाखवणारी कॉपी, साफ कॉपी आणि २१ विहिरींच्या रीडिंगची शीट. शीटमध्ये शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर नाहीत, विहिरींना फक्त क्रमांक आहेत, पेपरसोबत छापायची असेल तर तशीच छापा.

तिघा लेखकांच्या वतीने,
धुळे