वाचनालय उघडते, पण आम्ही कॉलेजात असताना

दि. ८ जुलै २०२४

प्रति,
मा. संपादक,
'वाचकांची पत्रे' विभाग

विषय : गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कमी होत गेलेल्या वेळांबाबत

महोदय,

मी सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते आणि साखळीच्या महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाबद्दल हे पत्र आहे. माझे नाव छापायला हरकत नाही. गावाचे नाव मात्र मी मुद्दाम लिहिलेले नाही. तिथे एकच ग्रंथपाल बाई आहेत, आणि वरच्या पातळीवरच्या निर्णयाचा राग त्यांच्यावर निघावा अशी माझी इच्छा नाही.

मी सातवीत असताना हे वाचनालय सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी तीन ते सात उघडे असे, शनिवारीसुद्धा. म्हणजे आठवड्याला ४५ तास. पुढे संध्याकाळची वेळ साडेपाचवर आली, तेव्हा ३६ तास उरले. गेल्या वर्षी चवथीच्या सुट्टीनंतर दारावर एक कागद चिकटवलेला दिसला : 'सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९.३० ते १.००'. आता आठवड्याचे साडेसतरा तास. त्या कागदावर ना तारीख होती, ना कारण. पहिल्या पावसात तो भिजून गळून पडला, नवा लावलेला नाही. पण वेळ तीच आहे.

या साडेसतरा तासांत वाचनालयात कोण जाऊ शकतो, ते पाहावे. माझी बस सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुटते आणि परत गावात उतरेपर्यंत सव्वातीन होतात. शाळेची मुले दीड-दोनपर्यंत शाळेत. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे माझे दोन चुलतभाऊ दिवसभर कामावर असतात. म्हणजे ज्यांना वाचनालय सर्वात जास्त लागते, ते सगळे परत येतात तेव्हा दाराला कुलूप असते. माझ्या कॉलेजच्या पूर्ण सत्रात मला तिथून फक्त दोन पुस्तके घेता आली, तीही कॉलेजला सुट्टी होती म्हणून.

चौकशी केली तेव्हा एका जबाबदार व्यक्तीने सांगितले, "अहो, वाचकच येत नाहीत, नोंदवही बघा." मी बघितली. सह्या खरोखरच कमी आहेत. पण दुकान दुपारी बंद ठेवायचे आणि दुपारचे गिऱ्हाईक नाही म्हणून हिशेब दाखवायचा, असला हा प्रकार आहे. वेळ कापली म्हणून वाचक कमी झाले, आणि वाचक कमी झाले म्हणून पुन्हा वेळ कापली. जून महिन्यात मी आणि माझी मैत्रीण दहा दिवस संध्याकाळी चार ते सहा समोरच्या चहाच्या गाड्यावर वही घेऊन बसलो. त्या दहा दिवसांत दारापर्यंत येऊन कुलूप बघून परत गेलेली माणसे आम्ही मोजली : ३८. यात एकच माणूस दोनदा आला असेल, ते धरूनही ही संख्या कमी नाही. यांच्यापैकी एकाचीही सही नोंदवहीत नाही, कारण नोंदवही आत होती.

"पणजीला जा," असेही कोणी म्हणतात. पाटोवरचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय मी पाहिले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. १८३२ साली सुरू झालेले ते ग्रंथालय देशातल्या सर्वात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. पण आमच्या गावातून तिथे जायला दोन बसी बदलाव्या लागतात. एका संदर्भासाठी अख्खा दिवस घालवणे कोणाला परवडते? १९९३ साली गोव्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मोठे ग्रंथालय राजधानीत असले म्हणजे भागले असते, तर त्याची गरजच पडली नसती.

घरी अभ्यास का करत नाही, हाही प्रश्न येईल. आमच्या घरात दोन खोल्या आहेत. एका खोलीत टीव्ही, दुसऱ्या खोलीत आजी आणि तिचा खोकला. पावसात वीज जाते, मोबाईलला रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच मिळते. आणखी एक गोष्ट, जी सहसा बोलली जात नाही. गावात मुलग्यांना संध्याकाळी बसायला देवळाची पायरी आहे, मैदान आहे, नाका आहे. मुलीने सहा वाजेपर्यंत घराबाहेर बसलेले कोणी विचारत नाही, अशी जागा एकच होती : वाचनालय. "खंय गेल्लें?" याला "वाचनालयात" हे उत्तर पुरत असे.

जत्रेतल्या नाटकाचे तर विचारूच नका. आमच्या गावची पोरे दरवर्षी मराठी नाटक करतात. संहिता निवडायला ती रात्रीचे जेवण होण्याआधी वाचनालयात जमायची, तीन-चार पुस्तके नेऊन पात्रे मोजायची, स्त्रीपात्रे किती ते बघून परत आणून द्यायची. यंदा कोणीतरी मोबाईलवर कुठूनशी मिळालेली फाईल आणली. तिचे शेवटचे पान गायब होते. शेवट दिग्दर्शकाने स्वतः लिहिला, आणि खरे सांगायचे तर तो तितकासा जमला नाही.

आता वेळ का कापली ते. शेजारच्या गावच्या वाचनालयातली जागा रिकामी आहे आणि तिथला अतिरिक्त कार्यभार आमच्या ग्रंथपाल बाईंकडे आहे. त्या सकाळी आमच्याकडे, दुपारी तिकडे. म्हणजे तिकडचे विद्यार्थी सुखात आहेत, पण सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे तिकडचे निवृत्त लोक आमच्यासारखेच कुलूप पाहतात. दोष बाईंचा नाही. एका माणसाने दोन गावे सांभाळायची म्हटल्यावर आणखी काय होणार?

रिकामी जागा भरावी, ही मुख्य मागणी आहेच. पण ती भरेपर्यंत, एक रुपयाही खर्च न करता, एवढे करता येईल : सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळ-दुपारची अदलाबदल करावी. त्या तीन दिवशी बाई सकाळी तिकडे आणि दुपारी आमच्याकडे येतील. त्यांचे तास तेवढेच राहतील, दोन्ही गावांचे तासही तेवढेच. पण आम्हाला तीन दुपारी मिळतील आणि तिकडच्या वृद्धांना तीन सकाळी. बाईंनाही घरी जायची बस गाठायची असते, म्हणून सातपर्यंतचा हट्ट आम्ही धरत नाही. पावणेसहापर्यंत उघडे राहिले तरी सव्वातीनच्या बसने उतरणाऱ्यांना दोन तास मिळतात.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. 'पुस्तके वापरासाठी आहेत' हा पहिला. त्याच्या विवेचनात त्यांनी ग्रंथालयाच्या जागेबरोबर त्याच्या वेळेचाही विचार केला आहे. आमच्या वाचनालयातली पुस्तके सध्या कपाटातच आहेत.

वेळ बदलायची असल्यास निदान पंधरा दिवस आधी, कारणासह सूचना लावावी, हीसुद्धा विनंती. या अदलाबदलीचा अर्ज आम्ही २६ विद्यार्थ्यांच्या सह्यांनिशी गेल्या आठवड्यात संबंधित कार्यालयात दिला आहे आणि पोच घेतली आहे. उत्तर आले की आपल्याला कळवीन.

आपली विश्वासू,
स्नेहा गावकर
तृतीय वर्ष बी.ए.
सत्तरी, गोवा