सूर्यफूल, पाइनचा शंकू आणि शंख: सर्पिलांची मोजणी

इयत्ता नववी, गणित निरीक्षण प्रकल्प

प्रकल्पाचा हेतू

सूर्यफुलाच्या चकतीत, पाइनच्या शंकूवर आणि शंखात वळत जाणाऱ्या रेषा दिसतात. या तिन्हींचे गणित एकच आहे, असे बरेचदा सांगितले जाते. ते तसे आहे का, हे स्वतः मोजून बघायचे मी ठरवले.

ज्या संख्यांशी तुलना करायची ती क्रमिका अशी: १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९... प्रत्येक पद म्हणजे मागच्या दोन पदांची बेरीज. तिला फिबोनाचीचे नाव मिळाले ते त्याच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे. पण आचार्य हेमचंद्रांनी ११५० च्या सुमारास, आणि त्यांच्याही आधी विरहांकाने, हीच क्रमिका छंदशास्त्रात मांडली होती. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. मराठीच्या तासाला वृत्त ओळखताना आपण जे लघु-गुरू मांडतो, त्यातच ही क्रमिका लपलेली आहे, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला.

सूर्यफुलाची मोजणी

तीन वाळलेल्या चकत्या घेतल्या. नुसत्या डोळ्यांनी मोजायला गेले की दहाव्या-बाराव्या रेषेवर नजर घसरते, म्हणून प्रत्येक चकतीचा वरून फोटो काढला, मोठा छापला, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला. उजवीकडे वळणारे सर्पिल लाल पेनने आणि डावीकडे वळणारे निळ्या पेनने गिरवले. मोजणी नेहमी कडेजवळच्या एकाच वर्तुळावर केली.

पहिल्या चकतीत ५५ लाल आणि ३४ निळे सर्पिल आले. पहिल्या खेपेला लाल ५४ भरले होते. पुन्हा पाहिल्यावर एका जागी दोन रेषा मी एकच समजून गिरवल्याचे दिसले. त्याच चकतीत मध्याजवळ मोजले तर ३४ आणि २१ मिळाले. म्हणजे एका फुलाची जोडी एकच असते असे नाही, आत-बाहेर ती बदलते. म्हणून कुठे मोजले हे लिहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. दुसरी चकती लहान होती, तिच्यात कडेला ३४ आणि २१ मिळाले.

तिसरी चकती मात्र बसली नाही. एका दिशेला ३४ आले, दुसऱ्या दिशेला तीन वेळा मोजून ५३, ५४, ५३. हा आकडा मी ५५ करून लिहिलेला नाही. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने लोकांना सूर्यफुले मोजायला लावली होती. त्यातल्या ६५७ फुलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक फुलांत फिबोनाची संख्या होत्या, पण सगळ्यांत नाही. काही फुले या संख्यांच्या अगदी जवळ येऊन चुकलेली होती. माझे तिसरे फूल त्यांतलेच दिसते.

पाइनचे शंकू

हे मोजणे सोपे. देठाची बाजू वर धरून खवल्यांच्या प्रत्येक ओळीला रंगीत टिकली लावत गेले. पाच शंकूंपैकी चारांत ८ आणि १३, एका छोट्या शंकूत ५ आणि ८. सहावा देठाजवळ तुटलेला होता, तो मोजणीत धरला नाही.

या संख्या का येतात?

प्रकल्पाचा सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला. फुलाला संख्या माहीत नसतात. वाढत्या चकतीत एकेक नवी कळी फुटते आणि ती आधीच्या कळीपासून सुमारे १३७.५ अंश वळून बसते. ३६० ला सुवर्ण गुणोत्तराने, म्हणजे (१ + √५)/२ ≈ १.६१८ ने, भागले की २२२.५ येतात, वर्तुळातला उरलेला भाग १३७.५.

मी कोनमापक घेऊन वहीत शंभर ठिपके काढले. n व्या ठिपक्याचा कोन n × १३७.५ अंश आणि केंद्रापासूनचे अंतर √n च्या प्रमाणात. वर्गमूळ अशासाठी, की वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे प्रत्येक बीला सारखीच जागा मिळते. ठिपक्यांतून आपोआप सर्पिल उमटले. मग कोन फक्त अडीच अंशांनी कमी करून १३५ घेतला. १३५ म्हणजे वर्तुळाचा ३/८ भाग, त्यामुळे दर आठवा ठिपका त्याच रेषेवर आला: आठ सरळ आरे आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागा. ९० अंशांना चारच आरे. परिमेय भाग घेतला की आरे पडतात. सुवर्ण गुणोत्तर अपरिमेय आहे, आणि अपरिमेय संख्यांतही छोट्या अपूर्णांकांनी जवळ जायला सगळ्यांत अवघड. म्हणून जागा वाया जात नाही.

आता १३७.५०८ ला निरनिराळ्या संख्यांनी गुणून पूर्ण फेऱ्यांपासून किती अंश फरक उरतो ते पाहिले:

| कितवी बी | पूर्ण फेऱ्या | उरलेला फरक |
|---|---|---|
| ५ | २ | −३२.५° |
| ८ | ३ | +२०.१° |
| १३ | ५ | −१२.४° |
| २१ | ८ | +७.७° |
| ३४ | १३ | −४.७° |
| ५५ | २१ | +२.९° |

तुलनेसाठी १० घेतले तर फरक सुमारे ६५ अंश. म्हणजे कोणत्याही बीच्या दिशेजवळ येणारी पुढची बी ही फिबोनाची संख्येइतक्या पावलांनीच येते, आणि तीच शेजारीण म्हणून डोळ्यांना रेषेत जोडलेली दिसते. चिन्हे पाहा: एक वजा, एक अधिक. म्हणूनच ३४ चे सर्पिल एकीकडे वळतात आणि ५५ चे दुसरीकडे. फेऱ्यांच्या रकान्यातही तीच क्रमिका आहे. ते मला तक्ता पूर्ण झाल्यावर दिसले.

१९९२ मध्ये दुआदी आणि कुडेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे एकमेकांना ढकलणारे थेंब एकेक करून तबकडीच्या मधोमध सोडले, आणि थेंबांची अशीच मांडणी झाली. झाड नसतानाही! नव्याने आलेल्याने सगळ्यांत मोकळी जागा शोधायची, एवढा नियम पुरतो.

शंख

उभ्या कापलेल्या नॉटिलस शिंपल्याच्या छापील चित्रावर केंद्रापासून दर ९० अंशांना अंतरे मोजली: १०, १३, १७.५, २३, ३०.५ आणि ४० मिमी. लागोपाठच्या अंतरांचे गुणोत्तर १.३० ते १.३५ मध्येच राहते. गुणोत्तर स्थिर असलेल्या अशा वळणाला लघुगणकीय सर्पिल म्हणतात. प्राणी शिंपल्याच्या तोंडाशी भर घालत जातो, आकार मोठा होतो पण समरूप राहतो, म्हणून हे घडते.

पण ते सुवर्ण सर्पिल नव्हे. त्यात दर पाव फेरीला अंतर १.६१८ पट वाढते, म्हणजे पूर्ण फेरीत ६.८५ पट. १० मिमीचे ६८.५ व्हायला हवे होते. माझ्या मोजमापात ३०.५ झाले, जेमतेम तिप्पट. छापील पट्टीच्या अर्ध्या-एक मिलिमीटर चुकीने एवढी तफावत पडत नाही. नॉटिलस आणि सुवर्ण गुणोत्तर यांची जोडी चित्रांत सर्रास दाखवतात, पण माझे मोजमाप तिला दुजोरा देत नाही.

शंकूत आणि सूर्यफुलात मोजायला सुट्या वस्तू आहेत, म्हणून तिथे पूर्णांक मिळतात. शंखात मोजायला फक्त अंतर आहे, आणि तिथे मिळते ते गुणोत्तर.

ट्रेसिंग पेपर, शंभर ठिपक्यांची दोन्ही चित्रे आणि मोजणीचे मूळ कागद, खाडाखोडीसह, वहीला जोडले आहेत. तिसऱ्या चकतीचा कागद सगळ्यांत वर ठेवला आहे.