तांबडा विरुद्ध पांढरा: पाडव्याच्या संध्याकाळचा यमकांचा खेळ

ठिकाण राजारामपुरीतल्या घराची गच्ची, वेळ साडेपाच. खेळाडू 22, वय सातच्या पुढं. तांबडा आणि पांढरा असे 11-11 चे दोन गट, समोरासमोर दोन सतरंज्यांवर. नवरा-बायको आणि सख्खी भावंडं वेगवेगळ्या गटांत. एकाच गटात बसली की एकमेकांना ओळी पुरवतात. पंच मोठे काका आणि आत्या. गुणांसाठी 80 चिंचोके, वेळेसाठी मोबाईलचं घड्याळ.

येताना प्रत्येकानं दोन वरच्या ओळी चिठ्ठीवर लिहून आणायच्या.

पहिला डाव: अर्धी ओळ

एक जण वरची ओळ म्हणेल, समोरच्या गटातला त्याच्यासमोर बसलेला खेळाडू 30 सेकंदांत खालची पुरी करेल. जमलं तर दोन चिंचोके. नाही जमलं तर ओळ देणाऱ्यानं स्वतः ती पुरी करून दाखवायची. त्यालाही आली नाही तर त्याच्याच गटाचे दोन जातील. हा नियम सोडू नका. तो नसला की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी 'ज्योतिबा' किंवा 'चप्पल' शेवटी टाकून मोकळं होतं आणि समोरचा गार पडतो. 'कोल्हापूर'ला दूर, सूर, धूर, चूर असं भरपूर मिळतं. 'मिसळ'ला उसळ, मुसळ, घुसळ झालं की डोकं खाजवावं लागतं.

सुरुवातीसाठी पंचांकडच्या ओळी:

रंकाळ्यावर भेळ खाल्ली, तिखट झाली फार,
अंबाबाईच्या दारामध्ये चपलांची ही दाटी,
पन्हाळ्याच्या वाटेवर धुकं झालं दाट,
तांबडा संपला, पांढरा संपला, उरली फक्त भाकरी,

पुरी झालेली ओळ कशी असावी, याचा नमुना:

अंबाबाईच्या दारामध्ये चपलांची ही दाटी,
अनवाणीच घरी आले, हाती प्रसादाची वाटी.

भाकरीची ओळ मुद्दाम अवघड ठेवली आहे. ती जावयांनाच द्यावी:

तांबडा संपला, पांढरा संपला, उरली फक्त भाकरी,
जावई म्हणे, हीच का हो सासुरवाडीची चाकरी?

यमक कशाला म्हणायचं, यावर भांडण ठरलेलंच. म्हणून आधीच सांगतो: शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर जुळला पाहिजे. 'रंकाळा–उन्हाळा' पूर्ण, 'रंकाळा–मोकळा' अर्धं, म्हणजे एकच चिंचोका. न-ण आणि ट-ठ चालतील. 'आला–झाला', 'खाते–जाते' अशी क्रियापदं दोन्ही ओळींच्या शेवटी आली तर गुण नाही, कारण तसं यमक झोपेतही जुळतं. एकदा आलेला शेवटचा शब्द पुन्हा नाही. आत्या वहीत लिहून ठेवतील.

नाव घ्यायची सक्ती कुणावरही नाही, नव्या सुनेवर तर नाहीच. वजन, मार्क, पगार, लग्न कधी करणार, यावरची ओळ बाद, दोन चिंचोके परत.

दुसरा डाव: कोडी

उखाणा म्हणजे नाव घेणं, तसंच कोडंही, म्हणून दोन्ही एकाच खेळात. कोड्याचा शेवटचा शब्द समोरच्यानं भरायचा. तोच उत्तर आणि तोच यमक. तीन चिंचोके.

उसातून निघालो, काहिलीत तापलो,
अंगाला लागू दिली नाही धूळ;
ढेपेत बसून बाजारी आलो,
ओळखा पाहू, मी तर…

एकवीस पानं, झाड मात्र नाही,
सणासुदीला चढतो बाज;
गळ्यात मिरवी घरची लक्ष्मी,
कोल्हापूरचा…

देवळाबाहेर दोघी थांबती,
थोरली कोण नि कोण लहान?
करकर बोलत जोडीनं चालती,
चामड्याची ती…

(पंचांसाठी: गूळ, साज, वहाण.)

मग प्रत्येक गटानं दहा मिनिटांत दोन कोडी रचायची. उत्तर आधी ठरवा, त्याचं यमक शोधा, वरच्या ओळी मागाहून. उलट्या क्रमानं गेलात की तिन्ही ओळी झकास होतात आणि चौथीत उत्तर बसत नाही. कोड्यात उत्तराची निदान दोन लक्षणं हवीत. 'पांढरं असतं, गोल असतं' एवढ्यावर अंडं, चंद्र, रसगुल्ला, काहीही बसतं. लहान मुलांना उत्तराचं पहिलं अक्षर विचारता येईल, मोठ्यांना नाही.

तिसरा डाव: साखळी

तांबड्यानं एक ओळ, पांढऱ्यानं जुळवून दुसरी. तिसरी ओळ पांढऱ्याचाच पुढचा खेळाडू देईल, चौथी तांबडा जुळवेल. ओळ दिल्यावर 20 सेकंद. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या ओळीतला एक शब्द यायलाच हवा, नाहीतर साखळी तुटते आणि कविता रंकाळ्यावरून थेट दिल्लीला पोचते. जिथं तुटेल तिथं समोरच्याला तीन चिंचोके, आणि नवी साखळी. अशा पाच.

सगळं मिळून तास-सव्वा तास. सातला पानं मांडायची आहेत, तेव्हा पहिला डाव 25 मिनिटांवर थांबवा, रंगला तरी.

बरोबरी झाली तर आजी ही ओळ म्हणतील, आधी पुरी करणारा गट पहिल्या पंगतीला:

वाफाळला रस्सा आला, पानं मांडली बारा,